गमबुटाच्या यादीवरची नोटीस

हरिदासला राग यायला फारसं कारण लागत नसे. वर्ध्यात बजाज चौकाच्या मागच्या बोळात प्रभाकरराव सीएंचं ऑफिस होतं, तिथे तो बावीस वर्षं ऑडिटचा माणूस म्हणून होता. बावीस वर्षांत त्याने किती कॅशियरना रडवलं आणि किती मुनीमजींना घाम फोडला, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. सीएच्या शेवटच्या परीक्षेचा दुसरा गट त्याने सात वेळा दिला, सातही वेळा आपटला. आठव्यांदा फॉर्म भरायला त्याची बायको मंदाबाई पैसे देईना. म्हणाली, "आता त्या पैशाचं मी कपाट घेतो, त्यात तुमची पुस्तकं तरी राहतीन." तेव्हापासून सही करायची प्रभाकररावांनी आणि ताळेबंदाखालचं सगळं उकरायचं हरिदासने, अशी वाटणी ठरून गेली.

गावोगावचे व्यापारी त्याला पाठीमागे खडूस म्हणत. पुढ्यात हरिदासभाऊ म्हणत आणि चहात साखर जास्त घालत. तो चहा पिऊन घेई आणि मग व्हाउचर मागे. नाचणगावच्या शेतकरी घरातला माणूस, वडील नानाजी जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. काट्याला बोट लावून कापसाचं वजन खाणारे लोक त्याने लहानपणीच पाहिले होते. कागदावर बोट लावणारे तर त्याला त्याहून हलके वाटत.

ही गोष्ट दोन हजार पाच सालच्या जुलैची. देवळी रस्त्यावर सुताला रंग द्यायची एक गिरणी होती. फार मोठी नव्हे, ब्याण्णव कामगार. एक खातं दोऱ्याला पीळ द्यायचं, दुसरं रंगाईचं. मालक म्हातारे झाले होते आणि मार्च संपल्यावर कारभार त्यांच्या मुलाने, निकेशने, हातात घेतला होता. पुण्याहून शिकून आला होता. बोलायला गोड, चपला काचेसारख्या स्वच्छ. हरिदासला तो पहिल्या दिवसापासूनच खटकला, पण त्याला खटकणारे लोक इतके होते की त्याने ते मनावर घेतलं नाही.

ताळेबंद पुढ्यात आला आणि हरिदासच्या कपाळाची शीर उभी राहिली. वर्षभर गिरणी झकास चालली होती. नफा एकाहत्तर लाख. आणि खाली, अगदी शेवटी, दोन तरतुदी, म्हणजे पुढे द्यावे लागतील म्हणून आधीच नफ्यातून वजा केलेले पैसे. रंगाई खातं बंद करून गिरणीची फेररचना करायची म्हणून पंचेचाळीस लाख. रंग-रसायनाच्या तोट्याच्या करारापोटी अठरा लाख. वजा जाता नफा उरला आठ लाख.

"खातं बंद झालं?" त्याने हिशेबनीस सचिनला विचारलं.

"नाई, चालू हाय. पण निर्णय मार्चातच झालता, भाऊ. संचालक मंडळाची सभा झाली."

"निर्णय तं मी बी रोज घेतो बिडी सोडायचा," हरिदास म्हणाला आणि सभेच्या इतिवृत्ताची वही मागून घेतली.

इथे थोडं सांगायला हवं, कारण नुसत्या आकड्यांसाठी हरिदासने एवढं डोकं तापवलं नसतं. बोनस निघतो तो नफ्यावर. आणि ऑडिटरची सही झालेला ताळेबंद बोनसच्या भांडणात खरा धरूनच चालतात. कामगारांना खुलासा मागता येतो, पण कंपनीला आपले आकडे खरे आहेत हे सिद्ध करत बसावं लागत नाही. एकाहत्तर लाखांवर त्या ब्याण्णव जणांना वीस टक्के मिळणार होते, म्हणजे माणशी सहा हजार. आठ लाखांवर कायद्याने देणं भागच असलेले आठ पूर्णांक तेहेतीस टक्के, म्हणजे अडीच हजार. आणि निकेशला दुहेरी फायदा. बापाच्या शेवटच्या वर्षात सगळा तोटा ओतून ठेवायचा, पुढल्या वर्षी थोडी थोडी तरतूद उलटी फिरवून नफ्यात परत जमा करायची आणि बँकेला दाखवायचं, बघा, मी आल्यावर गिरणी कशी धावायला लागली. हे त्याने पुण्यात शिकून घेतलं असावं.

नियम होता. नवाच होता, दोन हजार चारच्या एप्रिलपासून लागू झालेला, लेखा मानक एकोणतीस. हरिदास त्यासाठी नागपूरला जाऊन एक दिवस पंख्याखाली बसून आला होता आणि झेरॉक्सच्या पानांवर लाल पेनने रेघा मारल्या होत्या. तरतूद करायची तर एकतीस मार्चला कंपनीच्या गळ्यात देणं पडलेलं पाहिजे. पडणार आहे, असं नव्हे. आधी घडलेल्या गोष्टीमुळे पडलेलं, आणि ज्यातून कंपनीला सुटता येणार नाही असं. चार संचालकांनी बंद खोलीत ठराव केला म्हणून ते पडत नाही, कारण तेच चौघे उद्या तो ठराव फिरवू शकतात. नेमकी योजना पाहिजे आणि ती ज्यांच्यावर बेतणार त्यांच्यापर्यंत वर्ष संपायच्या आत पोचलेली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी तो निकेशच्या पुढ्यात बसला. आधी रसायनाचा करार काढला.

"हा करार तोट्याचा कसा?"

"तीन वर्षांचा आहे, काका. दरमहा ठरलेला माल घ्यावाच लागतो. खातं बंद केल्यावर त्या मालाचं मी काय करू?"

"एकतीस मार्चले खातं चालू होतं ना? रंगाई नफ्यात होती ना? मंग त्या दिवशी करारात तोटा कुठून आला?" हरिदासने करार उलगडला आणि अकराव्या कलमावर बोट ठेवलं. "अन् हे पहा. तीन महिन्यांची नोटीस द्या, दीड लाखाची अनामत सोडा, करार संपला. अठरा लाख माल घेऊन सोसायचे का दीड लाख सोडून मोकळं व्हायचं? यातलं जे कमी, तेवढंच टाळता येत नाई. तुमी अठरा कुठून आणले?"

निकेश हसला. "काका, तुम्ही फार बारीक बघता."

"त्याचेच पैसे भेटतात मले. लई कमी भेटतात, पण त्याचेच भेटतात."

फेररचनेच्या पंचेचाळीस लाखांची चिरफाड तर आणखी वाईट निघाली. कामगारांची भरपाई कशीबशी तेरा लाख होती. उरलेले बत्तीस लाख पिळाची मशीन रंगाईच्या शेडमध्ये हलवायचे, उरलेल्या लोकांना नवं काम शिकवायचे आणि नव्या मालाच्या जाहिरातीचे. हा तर चालू राहणाऱ्या धंद्याचा खर्च. खातं खरंच बंद झालं असतं तरी तो या तरतुदीत बसत नव्हता. हरिदास ओरडला नाही. तो ओरडत नाही तेव्हा जास्त घाबरायचं असतं, हे प्रभाकररावांच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. निकेशला माहीत नव्हतं.

"राहिले तेरा लाख," हरिदास म्हणाला. "कामगारांले कवा सांगतलं?"

निकेशने ड्रॉवरमधून कागद काढला. त्याची तयारी होती. नोटीस, टाईप केलेली, तारीख अठ्ठावीस मार्च दोन हजार पाच. रंगाई खातं बंद करण्यात येत आहे, कायद्याप्रमाणे भरपाई मिळेल. मागे जोडलेल्या पानावर रंगाईच्या कामगारांच्या सह्या आणि अंगठे, बिल्ल्याच्या नंबरासकट, एकाखाली एक अडतीस.

"लेबर ऑफिसले कळवलं? शंभराच्या आत माणसं असली तरी सरकारले साठ दिवस आधी नोटीस द्या लागते."

"ती देणार होतो. खातं लगेच बंद करायचं नव्हतं ना. पण कामगारांना सांगितलंय. त्यांची सही आहे. एकतीस मार्चच्या आत. आता तर झालं ना तुमचं समाधान?"

हरिदासचं समाधान झालं नव्हतं. पण सह्या खऱ्या होत्या. हजेरीबुकातल्या सह्यांशी ताडून पाहिल्या, त्याच होत्या. तो घरी आला आणि मंदाबाईवर वरणात मीठ नसल्याबद्दल खेकसला. मीठ होतं. ती म्हणाली, "गिरणीवाल्याचा राग मायावर काऊन काढता? उद्या जाऊन त्याच्यावरच काढजा."

सकाळी गिरणीत त्याने मार्चचा मस्टर पुन्हा उघडला. खरं तर पगाराची बेरीज तपासायची होती. आणि तिथे त्याचं पेन थांबलं.

त्या गिरणीत एक जुनी चाल होती. साठी भरलेला माणूस महिन्याच्या मधेअधे निवृत्त होत नसे, सगळे एकतीस मार्चलाच घरी जात. आणि एक एप्रिलला मागचे सगळे पुढे सरकत. रंगाईचे बिल्ले नोकरीच्या जुनेपणाने दिलेले. एक नंबरवाला गेला की दोन नंबरवाला एक होई आणि संध्याकाळी गेटवर पेढे वाटी. लोक या नंबरांवर जीव टाकत. मार्चच्या मस्टरात रंगाईची एक्केचाळीस माणसं होती. एक नंबर तानबा, दोन आणि तीन दुसरे दोघे, चार नंबर श्रावण. एकतीस मार्चला पहिले तिघे निवृत्त झाले. अठ्ठावीस मार्चच्या नोटिशीखाली मात्र अडतीसच सह्या, आणि एक नंबरला श्रावण.

अठ्ठावीस मार्चला श्रावण चार नंबरवर होता. एक नंबरचा बिल्ला त्या दिवशी तानबाच्या छातीवर होता आणि तानबाची सही कुठेच नव्हती.

हरिदास उठला तो खुर्ची पाडूनच. सचिन धावत आला, त्याला वाटलं माणूस चक्कर येऊन पडला. हरिदास नोटीस घेऊन तडक गेटवर गेला. दुपारच्या सुट्टीत श्रावण चहाच्या टपरीवर बसला होता, हात कोपरापर्यंत निळे.

"ही सही तुझी?"

श्रावणने कागद दुरून पाहिला, मग जवळ घेतला. "माहीच हाय."

"कशाची यादी होती?"

"गमबुटाची. जून महिन्यात गमबूट वाटले ना. ज्याले भेटले त्यानं सही करा म्हणे. वरतं काई लिवलं नव्हतं, नुसत्या रेघा आखल्या होत्या." तो हसत होता. मग त्याचं हसू थांबलं. "काऊन? गमबूट वापस घेऊन राह्यले का?"

हरिदासने त्याला पुढचं पान वाचून दाखवलं. खरं म्हणजे ऑडिटरच्या माणसाने असं करू नये. बावीस वर्षांत त्याने केलं नव्हतं. पण त्याचा आवाज इतका चढला होता की टपरीवरची सगळी माणसं गोळा झाली. कामगारांना खातं बंद करायची नोटीस मिळाली होती, त्यावर त्यांनी सह्या केल्या होत्या, आणि ती आज त्यांना पहिल्यांदा कळत होती. एक जण आईबहिणीवरून सुरू झाला. श्रावण निळ्या बोटांनी त्या कागदाची कड चोळत बसला होता. हरिदासने कागद त्याच्याकडून काढून घेतला, कारण तो पुरावा होता आणि त्यावर निळा डाग पडत होता.

संध्याकाळी प्रभाकररावांच्या टेबलावर त्याने सगळं मांडलं. प्रभाकरराव दुकानदाराच्या घरातले, सावध माणूस, दम्याचा पंप कायम खिशात. ही गिरणी त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. हरिदासला ते माहीत होतं, म्हणून तो आधीच चिडून बोलत होता.

"सही करत असान तं सांगा. म्या उद्यापासून नाई येत. बावीस वर्षं कुत्र्यासारखं हुंगून कागद आणतो तुमाले, अन् गमबुटाच्या यादीवर सही मारत असान तं मी घरीच बसतो!"

"मी सही करतो म्हटलं का?" प्रभाकररावांनी पंप ओढला. "पहिले बस. पाणी पी. तू लोकाले टपरीवर वाचून दाखवलं म्हणतात, ते खरं हाय का?"

"हो."

"ते चूक झालं. अशिलाचा कागद बाहेर दाखवायचा नसते. पुन्हा केलं तं मीच काढून टाकीन तुले." मग त्यांनी मस्टर आणि नोटीस शेजारी शेजारी ठेवली आणि बराच वेळ पाहिली. "हे लई नीच काम हाय," ते म्हणाले. एवढं कडक प्रभाकरराव स्वतःच्या जावयालाही बोलले नव्हते.

निकेशला ऑफिसात बोलावलं. तो आधी हसला, मग कारकुनावर ढकललं, मग फी वाढवायची गोष्ट काढली. प्रभाकरराव ऐकत राहिले. मग म्हणाले, "निकेशबाबू, दोन्ही तरतुदी उलटवा. नाईतर ताळेबंद तसाच ठेवा अन् मी माझ्या अहवालात शेरा लिहितो, त्रेसष्ट लाखांचं देणं एकतीस मार्चले नव्हतंच, नफा तेवढ्यानं कमी दाखवला हाय. कंपनीनं दिलेला कागद मागून बनवला हाय, ते बी लिहितो. तुमची बँक तो अहवाल वाचते. वाचल्यावर कर्ज ठेवते का काढून घेते, ते त्यांच्या मर्जीवर."

निकेश उठला, दारापर्यंत गेला आणि तिथून हरिदासकडे वळून म्हणाला, "नक्की काय काय लागतं, ते एकदा सांगा तरी काका. म्हणजे पुढच्या वेळी तुम्हाला त्रास नको."

आणि हरिदासने सांगितलं. रागाच्या भरात, बोटं मोजत, शाळेतल्या पोराला पाढे घोकवावेत तसं. नेमकी योजना पाहिजे. कोणतं खातं, किती माणसं, किती खर्च, कवा. माणसाले त्याच्या भाषेत, त्याच्या हातात कागद पाहिजे. युनियनले पाहिजे, लेबर ऑफिसले रजिस्टरनं पाहिजे, पोचपावती पाहिजे. सगळं एकतीस मार्चच्या आत, खरंखुरं. मशीन हलवायचा खर्च त्यात घालायचा नाई. करार सोडायचा असंन तं नोटीस देऊन सोडा. समजलं?

निकेशने खिशातून डायरी काढून सगळं लिहून घेतलं. हरिदासला त्यातही आनंदच झाला. वाटलं, आणला ठिकाणावर.

तरतुदी उलटल्या. दिवाळीच्या आधी ब्याण्णव जणांना वीस टक्के बोनस मिळाला. तानबाही त्या वर्षीचा बोनस घ्यायला निवृत्तीनंतर गिरणीत आला आणि जाताना वर्ध्याला हरिदासच्या घरी पाव किलो पेढे देऊन गेला. मंदाबाईने सगळ्या शेजारणींना सांगितलं. हरिदासने त्या दिवशी कुणावरही आवाज चढवला नाही. ऑफिसात लोक त्याला विचारू लागले, बरं नाही का.

पुढल्या जूनमध्ये तो पुन्हा त्या गिरणीत गेला. पुन्हा ताळेबंद, पुन्हा शेवटी तरतूद. रंगाई खातं बंद, तेरा लाख ऐंशी हजार. हरिदासने बाह्या सरसावल्या.

सचिनने फाईल समोर ठेवली. नवी, खाकी, दोरीने बांधलेली. संचालकांचा ठराव फेब्रुवारीतला, सोबत योजना, माणसांची नावं, तारखा. सहा मार्च दोन हजार सहाची नोटीस, मराठीत, प्रत्येकाच्या नावाची वेगळी. गेटवर माईक लावून वाचून दाखवल्याचा पंचनामा, युनियनच्या सेक्रेटरीच्या सहीने. लेबर ऑफिसला रजिस्टर पत्र, पोचपावती आठ मार्चची. रसायनाच्या करारालाही तीन महिन्यांची नोटीस दिलेली, अनामतीचे दीड लाख बरोबर खर्ची टाकलेले. मशीन हलवायचा एक रुपया तरतुदीत नाही. मे महिन्यात साठ दिवस पुरे झाल्यावर खातं बंदही झालं होतं.

हरिदासने तीन दिवस उकरलं. माणशी भरपाई पुन्हा काढली, वर्षागणिक पंधरा दिवसांचा पगार, एकूण एक बरोबर. बिल्ल्यांचे नंबर मार्चच्या मस्टरशी ताडले, एकूण एक बरोबर. त्याने पोस्टात जाऊन रजिस्टरचा नंबर पडताळला. पोस्टमास्तरवर खेकसला. नंबर बरोबर होता. देणं एकतीस मार्चला कंपनीच्या गळ्यात पडलेलं होतं, नियमात लिहिल्याप्रमाणे, त्याने बोटं मोजून शिकवल्याप्रमाणे.

निकेश केबिनच्या दारात आला. "या वेळी काही राहिलं का, काका?"

हरिदास फाईलची दोरी परत बांधत राहिला. त्याला त्या माणसाचं थोबाड फोडावंसं वाटत होतं, आणि त्याहून जास्त स्वतःचं. मागल्या साली हा माणूस खोटं करायला निघाला होता, तेव्हा खातं चालूच राहणार होतं. त्याला खरं कसं करायचं ते आपण शिकवलं, फुकट, बोटं मोजून, असा एकच विचार त्याच्या डोक्यात घणासारखा पडत होता. प्रभाकरराव नंतर त्याला म्हणाले, वेड्या, रंगाईच्या शेडची जागा त्याले आता विकायची होती, तू नसतं सांगतलं तं दुसऱ्या सीएनं सांगतलं असतं. ते खरंही असेल. हरिदासला पटलं नाही.

एकच तपासणी उरली होती. यादीतल्या चार-दोन माणसांना प्रत्यक्ष भेटून विचारायचं. तो श्रावणकडे गेला. श्रावण घराच्या ओट्यावर बसला होता. हात आता गोरे पडले होते, नखांच्या कडेला तेवढी निळी रेघ.

"कागद कवा भेटला?"

"सहा मार्चले."

"हातात भेटला? वाचून दाखवला?"

"हाव. माईकवर."

"ही सही तुझी?"

"माहीच. यावेळेस वाचून केली."

हरिदासने नावापुढे बरोबरची खूण केली. उठला. श्रावणच्या बायकोने पाणी आणलं, तेही त्याने उभ्याने प्यायलं.

"भाऊ," श्रावण म्हणाला, "मागच्या खेपेस खोटं होतं तं तुमी हाणून पाडलं. आता हे खरं हाय. खऱ्यावर काई इलाज नसते का तुमच्या बुकात?"

"नाही," हरिदास म्हणाला. इतक्या जोरात म्हणाला की शेजारची बाई दारात येऊन बघू लागली.